कुल्फी बिघडते ती कोमट असताना

घरी कुल्फी करायची ठरली की सगळ्यांचं लक्ष गॅसवरच्या पातेल्याकडे असतं. दूध खाली लागू नये म्हणून कोणीतरी तासभर कालथा घेऊन उभं राहतं, कडेला धरलेली साय खरवडून आत ढकलली जाते, केशर आणि वेलची वेळेवर पडते. मग गॅस बंद होतो, पातेल्यावर जाळी येते आणि ‘गार झालं की साचे भरू’ असं म्हणून सगळे आपापल्या कामाला लागतात. ती कुल्फी पाहुण्यांना बाधणार की नाही, हे त्यानंतरच्या काही तासांत ठरतं. उकळत्या दुधात जिवाणू वाढत नाहीत आणि दगडासारख्या गोठलेल्या कुल्फीतही वाढत नाहीत. त्यांची वाढ होते ती या दोन्हींच्या मधे, दूध कोमट असताना.

याचा पुरावा आपल्या घरात रोज रात्री तयार होतो. दूध कोमट करून त्यात चमचाभर विरजण लावतो आणि सकाळी पातेलंभर दही झालेलं असतं. चमच्याएवढ्या विरजणातले जिवाणू एका रात्रीत सगळं दूध व्यापतात, कारण त्यांना मानवेल असंच तापमान आपण त्यांना दिलेलं असतं. कुल्फीसाठी आटवलेलं दूध ओट्यावर निवत असताना याच तापमानातून जातं. तिथे विरजण आपण निवडून लावलेलं नसतं, एवढाच फरक. पातेल्यात जे जिवाणू पोचतील, ते वाढतात.

अन्नसुरक्षेच्या शास्त्रात ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा धोक्याचा मानतात. त्यातही साधारण २० ते ४५ अंशांच्या दरम्यान बहुतेक रोगकारक जिवाणू सर्वांत वेगाने वाढतात. परिस्थिती अगदी सोयीची असेल तर काही जिवाणूंची संख्या दर वीस मिनिटांनी दुप्पट होते. या वेगाने एका जिवाणूचे सात तासांत वीस लाख होतात. प्रत्यक्षात सुरुवातीला त्यांना रुळायला थोडा वेळ लागतो, पण आटवलेल्या दुधात प्रथिनं, साखर आणि पाणी सगळंच भरपूर असल्याने तो फार लागत नाही. ‘साखर आहे, टिकेल’ हा समजही इथे लागू पडत नाही. डब्यातलं कंडेन्स्ड मिल्क साखरेने टिकतं, कारण त्यात साखर जवळजवळ निम्मी असते आणि पाणी फार थोडं. कुल्फीच्या दुधात साखर पंधरा-अठरा टक्के असते. तेवढीने जिवाणूंचं काही अडत नाही.

मग तासभर उकळलेल्या दुधात जिवाणू येतात कुठून, हा प्रश्न रास्त आहे. त्याला दोन वाटा आहेत.

पहिली वाट दुधातूनच येते. बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू मातीत, धुळीत, चाऱ्यात सगळीकडे असतो आणि दुधातही थोड्या प्रमाणात पोचतो. अडचणीच्या काळात तो स्वतःभोवती कठीण कवच तयार करून बीजाणूच्या रूपात पडून राहतो. हे बीजाणू उकळण्याने मरत नाहीत. उलट गरम होऊन गेल्यावर ते जागे होतात आणि दूध कोमट झालं की रुजतात. बाकीचे जिवाणू उकळताना मेलेले असल्याने स्पर्धाही उरलेली नसते. याचे काही प्रकार असं विष तयार करतात की त्याने काही तासांत उलट्या सुरू होतात, आणि ते विष इतकं चिवट असतं की दूध पुन्हा उकळूनही जात नाही.

दुसरी वाट आपल्या हातांची आणि भांड्यांची. स्टॅफिलोकोकस हा जिवाणू निरोगी माणसांच्याही नाकात आणि त्वचेवर राहतो. बोटाला कापलेलं असेल, पुळी असेल, तर तिथे तो भरपूर असतो. गॅस बंद केल्यानंतर चव बघायला बुडवलेलं बोट, उष्टा चमचा, दूध गाळायला घेतलेलं दमट फडकं, एवढं त्याला पुरतं. याचंही विष उकळण्याला दाद देत नाही. म्हणून ‘रात्रभर बाहेर राहिलं, सकाळी एक उकळी आणू या’ हा उपाय इथे चालत नाही. उकळीने जिवाणू मरतील, पण त्यांनी रात्रभर तयार केलेलं विष तसंच राहील.

या दुसऱ्या वाटेवरची एक जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आईस्क्रीम करताना दूध, कॉर्नफ्लोअर, जीएमएस आणि सीएमसी पावडर एकत्र उकळून घेतात, थोडं गोठवतात आणि मग साय किंवा क्रीम घालून मिक्सरमधून फिरवतात. मिश्रण त्याने हलकं होतं. पण मिक्सरच्या भांड्याच्या तळाशी, पात्याखालच्या रबरी रिंगमध्ये, सकाळच्या चटणीचे कण अडकलेले असतात. पातं उघडून ती रिंग कधी बाहेर काढून पाहिली असेल, तर मी काय म्हणते ते लगेच कळेल. नुसत्या खळबळून ती स्वच्छ होत नाही. पातं वेगळं करून, ब्रशने घासून, त्यावर कडकडीत पाणी ओतायला हवं. उकळल्यानंतर दुधाला जे जे लागणार आहे, त्या प्रत्येक वस्तूला हाच नियम: डाव, गाळणं, साचे, साच्यांची झाकणं.

वर्षभर माळ्यावर असलेल्या ॲल्युमिनियमच्या साच्यांचं तर विशेष पाहावं लागतं. झाकणाच्या आट्यांमध्ये किंवा रबरी रिंगखाली गेल्या वर्षीच्या दुधाचा पिवळट थर बसलेला असतो. टाचणीने खरवडला की कळतो. साचे घासून झाल्यावर मोठ्या पातेल्यात पाच मिनिटं उकळावेत आणि फडक्याने न पुसता पालथे घालून आपोआप कोरडे होऊ द्यावेत.

गोठवल्याने जिवाणू मरतात, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. तो चुकीचा आहे हे सांगायला १९९४ साली अमेरिकेत घडलेली घटना पुरेशी आहे. तिथल्या एका मोठ्या कंपनीचं आईस्क्रीम देशभर घरोघरी जात असे. आईस्क्रीमचं तयार मिश्रण पाश्चराइझ केलेलं होतं, म्हणजे तापवून निर्धोक केलेलं. पण ते कारखान्यापर्यंत ज्या टँकरमधून आणलं गेलं, त्या टँकरमधून आधी अंड्याचा कच्चा बलक वाहून नेलेला होता. टँकर नीट धुतला गेला नाही, साल्मोनेला जिवाणू मिश्रणात उतरले आणि कारखान्यात ते मिश्रण पुन्हा तापवलं गेलं नाही. गोठलेल्या आईस्क्रीममधून ते जिवाणू जिवंतच लोकांच्या पोटात गेले. नंतरच्या तपासात सुमारे २ लाख २४ हजार लोक आजारी पडल्याचा अंदाज काढण्यात आला. तापवण्यात काही चूक नव्हती आणि गोठवण्यातही नव्हती. चूक झाली ती मधल्या टप्प्यात.

आता दूध गार होण्याबद्दल. तीन लिटर उकळतं दूध झाकून ओट्यावर ठेवलं आणि मे महिन्यात स्वयंपाकघरात ३३-३४ अंश तापमान असलं, तर ते साधारण तासाभरात ६० अंशांच्या खाली उतरतं आणि चाळिशीला यायला आणखी दोन तास घेतं. पुढे ते थांबतंच. घरातली हवाच जर ३४ अंशांची असेल, तर दूध त्याखाली जाणार कसं? पातेल्याला हात लावला की ते गरमही लागत नाही आणि गारही लागत नाही. आपल्याला वाटतं, झालं निवून. खरं तर ते नेमकं आपल्या अंगाच्या तापमानाजवळ येऊन थांबलेलं असतं, आणि माणसाला बाधणाऱ्या जिवाणूंना तेच सर्वांत मानवतं. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात रात्री अकरालाही घरात असाच उकाडा असतो. तिथे पातेलं पंख्याखाली ठेवून काहीच साधत नाही.

तसंच ते भरलेलं पातेलं मग फ्रीजमध्ये जातं. फ्रीजमधली हवा स्थिर असते, झाकलेल्या खोल पातेल्यातून उष्णता हळूहळू बाहेर पडते, आणि मधल्या भागातलं दूध गार व्हायला आणखी पाच-सहा तास जातात. तेवढ्यात शेजारचं दही, चिरलेली भाजी, उरलेली आमटी यांचंही तापमान चढतं. गरम पातेलं थेट फ्रीजमध्ये ठेवणं हा म्हणूनच उपाय नाही. अमेरिकेतल्या उपाहारगृहांना लागू असलेल्या अन्नसंहितेत यासाठी नेमकी मर्यादा आखून दिलेली आहे: शिजवलेला पदार्थ ५७ अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांच्या आत आला पाहिजे, आणि तिथून ५ अंशांपर्यंत आणखी चार तासांत. पहिला टप्पा जास्त कडक आहे, कारण जिवाणूंची धाव त्यातच असते. घरी आपण यापेक्षा बरंच चांगलं करू शकतो. अर्ध्या-पाऊण तासात दूध गार करता येतं आणि त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही.

एक नेमका प्रसंग घेऊ. मे महिन्यातल्या रविवारी घरी डोहाळजेवण आहे, चाळीस माणसं येणार आहेत आणि शेवटी केशर-पिस्ता कुल्फी द्यायची आहे. माणशी ८० मिलिलिटरचा एक साचा धरला तर सव्वातीन लिटर मिश्रण लागेल. त्यासाठी सहा लिटर फुल क्रीम दूध आटवून निम्मं करायचं आणि त्यात ६०० ग्रॅम साखर घालायची. दोन-चार साचे वर होतात, तेवढे असावेतच.

हे सगळं एका दिवशी एका पातेल्यात करू नये, असं माझं ठाम मत आहे. सहा लिटर दूध एकदम आटवता येईल, पण ते झटपट गार करता येत नाही आणि घरच्या फ्रीजरला बेचाळीस साचे एकदम गोठवणं झेपत नाही. म्हणून तीन लिटर गुरुवारी संध्याकाळी आणि तीन लिटर शुक्रवारी. शनिवार कुल्फी पक्की कडक व्हायला मोकळा ठेवायचा.

पसरट, जाड बुडाच्या पातेल्यात तीन लिटर दूध मध्यम आचेवर तासाभरात दीड लिटर होतं. दूध ओतल्यावर कालथ्याचा दांडा सरळ बुडवून खूण करून ठेवली की आटल्याचा अंदाज चुकत नाही. खवा, बदामाची पूड, कॉर्नफ्लोअर यांतलं काही घालायचं असेल तर ते शेवटची पाच मिनिटं दूध उकळत असतानाच घालावं. बाजारातला खवा किती हातांतून, किती तास बाहेर राहून आपल्यापर्यंत आला हे आपल्याला माहीत नसतं, त्यामुळे निवलेल्या दुधात तो कुस्करून घालणं हे मागे सांगितलेल्या टँकरसारखंच आहे. केशर, वेलची आणि पिस्त्याचे कापही दूध कडकडीत असतानाच घालावेत. साखर विरघळली, एक उकळी आली, की गॅस बंद.

आता दूध जाड बुडाच्या पातेल्यातून काढून पातळ पत्र्याच्या, पसरट स्टीलच्या पातेल्यात ओतायचं. जाड बुडात इतकी उष्णता साठलेली असते की गॅस बंद केल्यावरही ते दुधाला तापवत राहतं. दुसरं पातेलं आधी कडक पाण्याने धुऊन ठेवलेलं हवं. त्यात दुधाची उंची तीन-चार बोटांपेक्षा जास्त नसावी. दुधाचा थर दुप्पट जाड झाला की गार व्हायला दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट वेळ लागतो, निदान न ढवळता ठेवलं तर. म्हणून पसरट भांडं, आणि म्हणूनच ढवळणं.

हे पातेलं सिंकमध्ये किंवा मोठ्या घमेल्यात नळाच्या साध्या पाण्यात ठेवायचं. बाहेरचं पाणी दुधाच्या पातळीइतकं, पण काठापासून चार बोटं खाली. स्वच्छ डावाने दूध सावकाश ढवळत राहायचं, म्हणजे सायही धरत नाही. पाच-सात मिनिटांत बाहेरचं पाणी गरम होतं. ते ओतून नवं घ्यायचं. असं दोन-तीनदा केलं की दूध चाळीस अंशांच्या आसपास येतं. बर्फ इथपर्यंत काढायचाच नाही.

याचं कारण साध्या हिशेबात आहे. पावणेदोन लिटर उकळतं मिश्रण सरळ बर्फात ठेवून ५ अंशांपर्यंत आणायचं तर दीड किलोच्या वर बर्फ वितळतो. आधी नळाच्या पाण्याने चाळिशीला आणलं तर पाऊण किलोत काम होतं. थोडा वाया जातो म्हणून एक किलो धरावा. घरच्या ट्रेमधल्या बर्फावर एवढं भागत नाही, म्हणून दोन दिवस आधीपासून स्टीलच्या डब्यांत पाणी गोठवून साठवायचं किंवा बाहेरून बर्फ आणायचा.

बाहेरून आणलेल्या बर्फाविषयी एक सूचना. कारखान्यातला लादीचा बर्फ मासळी, औषधं, भाजी गार ठेवण्यासाठीही बनतो आणि तो पिण्याच्या पाण्याचा असतोच असं नाही. २०१८ पासून अशा न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आहे. दूध गार करायला बाहेरून लावण्यापुरता तो चालेल, पण त्याचा थेंबही दुधात पडता कामा नये, आणि त्याला लावलेला हात धुतल्याशिवाय डावाला लागता कामा नये.

दुसऱ्या टप्प्यात घमेल्यातलं पाणी काढून त्यात फोडलेला बर्फ, तो भिजेल एवढं पाणी आणि दोन मुठी खडा मीठ घालायचं. नुसते बर्फाचे खडे पातेल्याला इथे-तिथेच टेकतात. पाणी घातलं की गारवा सगळ्या बाजूंनी लागतो. मिठामुळे बर्फाच्या पाण्याचं तापमान शून्याखाली जातं. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ घेतलं तर ते उणे दहाच्याही खाली उतरतं, पण तेवढं इथे नको. नाहीतर दूध कडेलाच गोठायला लागतं. ढवळत राहिलं तर वीस-पंचवीस मिनिटांत दूध फ्रीजमधल्या पाण्याइतकं गार होतं. स्वयंपाकाचा टोचायचा थर्मामीटर आता काहीशे रुपयांत मिळतो. समारंभासाठी करणाऱ्याने तो घ्यावाच. ८ अंशांखाली आकडा दिसला की पातेलं झाकून फ्रीजच्या सर्वांत गार कप्प्यात ठेवायचं. थर्मामीटर नसेल तर थोडं दूध स्वच्छ वाटीत काढून ती वाटी गालाला लावावी. ती बर्फासारखी झोंबायला हवी. नुसती ‘गार’ लागून भागत नाही.

हे मिश्रण रात्रभर, निदान चार तास, फ्रीजमध्येच राहू द्यावं. या वेळात दुधातली चरबी घट्ट होते आणि प्रथिनं पाणी धरून ठेवतात. मग मिश्रण आधीच गार असल्यामुळे फ्रीजरमध्ये लवकर गोठतं आणि बर्फाचे खडे बारीक राहतात. कोमट दूध साच्यात भरलं तर ते हळूहळू गोठतं आणि कुल्फी दाताखाली कचकचते. म्हणजे कुल्फी रवाळ न होता लुसलुशीत व्हावी म्हणून जे करायचं, तेच ती निर्धोक व्हावी म्हणूनही करायचं आहे. साचे भरताना वर अर्धा बोट जागा सोडावी, कारण दूध गोठताना फुगतं. वीस-एकवीस साचे फ्रीजरच्या तळाला टेकवून, एकमेकांत फट ठेवून लावावेत. दुसऱ्या दिवशी ते एका बाजूला रचले की नव्या खेपेला जागा होते.

आंबा कुल्फीत एक अडचण वाढते. हाताने पिळलेला आमरस निवलेल्या दुधात घातला तर हातावरचं आणि सालीवरचं सगळं त्यात उतरतं. आंबे धुवावेत, फोडी चमच्याने काढून मिक्सरमधून फिरवाव्यात, तो रस थोड्या साखरेबरोबर दोन-तीन मिनिटं खदखदू द्यावा आणि दुधासारखाच बर्फात गार करून मग मिसळावा. चव किंचित बदलते, हे खरं आहे. घरच्या चार माणसांसाठी ताजा रस घालून लगेच गोठवला तर मी हरकत घेणार नाही. चाळीस माणसांसाठी घेईन. कच्चं अंडं घातलेल्या आईस्क्रीमला तर समारंभात जागाच नाही. आणि ‘न उकळता, पाच मिनिटांत’ होणारं आईस्क्रीम करायचं असेल, तर क्रीम आणि दूध पाश्चराइझ केलेलं, त्याच वेळी फोडलेलं असावं. गवळ्याकडचं कच्चं दूध त्यासाठी वापरू नये.

डोहाळजेवणाचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं. तिथे जिच्यासाठी सगळा घाट घातलेला असतो, तिलाच सर्वांत जास्त जपावं लागतं. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रीजच्या थंडाव्यातही हळूहळू वाढतो आणि गोठवून मरत नाही. धडधाकट माणसाला तो फारसा त्रास देत नाही, पण गरोदर बाईला झाला तर बाळ दगावू शकतं. २०१५ साली अमेरिकेत आईस्क्रीममधून त्याची लागण झाल्याचं उघड झालं, तेव्हा दहा माणसं आजारी पडल्याचं आणि तीन दगावल्याचं आढळलं. ती तिघं कॅन्ससमधल्या एकाच रुग्णालयात आधीच दुसऱ्या आजारांसाठी दाखल होती, आणि त्या आईस्क्रीमचे मिल्कशेक तिथे दिले जात होते. उकळल्याने लिस्टेरिया मरतो. तो येतो नंतर: ओल्या ओट्यावरून, फ्रीजच्या दारातल्या रबरी पट्टीतून, न धुतलेल्या भाज्यांवरून. त्यामुळे फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलेलं मिश्रण घट्ट झाकलेलं असावं आणि त्याच्या वरच्या कप्प्यात काही गळणारं नसावं.

वाढण्याच्या वेळी घाई असते आणि तिथेच सांभाळलेलं सगळं सुटतं. चाळीस साचे एकदम बाहेर काढून ताटात मांडले की पहिल्या दहा जणांना चांगली कुल्फी मिळते आणि शेवटच्या दहांना रबडी. दहा-दहाच काढावेत. कार्यक्रम कार्यालयात असेल तर थर्माकोलचा खोका, तळाशी बर्फ आणि भरपूर मीठ. इथे मात्र तीनास एक हेच प्रमाण ठेवावं. साचे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून त्यात पुरावेत, नाहीतर खारं पाणी झाकणातून आत शिरतं.

साच्यातून कुल्फी सुटावी म्हणून सगळे साचे एकाच बादलीत बुचकळत राहायची पद्धत मला अजिबात पसंत नाही. त्या पाण्यात पन्नास वेळा हात जातो, त्यात वितळलेलं दूध मिसळत जातं आणि तेच पाणी झाकण उघडताना कुल्फीवर ओघळतं. साचा दोन्ही तळहातांत धरून पाच-सहा वेळा फिरवला की कुल्फी सुटते. नाहीच सुटली तर पिण्याच्या पाण्याची धार बाहेरून सोडावी. आईस्क्रीमच्या डब्याशेजारी कोमट पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवलेला चमचाही तसाच. अर्ध्या तासात त्या पेल्यात पांढरट दुधाळ पाणी होतं, आणि ते प्रत्येक वाटीत थोडं थोडं जातं. चार-पाच चमचे हाताशी ठेवावेत, नाहीतर पेल्यातलं पाणी गरम घेऊन वारंवार बदलावं. वाढणाऱ्याच्या बोटाला जखम असेल किंवा आदल्या दोन दिवसांत त्याचं पोट बिघडलेलं असेल, तर त्याला दुसरं काम द्यावं. हातमोजे घालून तेच हात मोबाइलला लावले तर मोज्यांचा काही उपयोग नाही. सोबत फालुदा शेव किंवा भिजवलेला सब्जा देणार असाल तर ते उकळून थंड केलेल्या पाण्यात भिजवून, बर्फावर ठेवूनच मांडावं. सकाळी उकडून दुपारपर्यंत पाण्यात पडलेली शेव कुल्फीपेक्षा जास्त धोक्याची असते.

वितळलेली कुल्फी पुन्हा गोठवू नये. बाहेर ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर दुधाचे पदार्थ एका तासापेक्षा जास्त बाहेर राहू नयेत, असा सर्वमान्य दंडक आहे. उन्हाळ्यातल्या मांडवात तो तास फार लवकर संपतो. चवीवर किंवा वासावर भरवसा ठेवता येत नाही. दूध आंबवणारे जिवाणू वेगळे असतात. उलट्या-जुलाब करणारे बहुतेक जिवाणू ना वास बदलतात, ना रंग, आणि बदललाच तरी थंडपणा आणि वेलची तो जाणवू देत नाहीत. गोठलेली कुल्फी एकदा वितळून पुन्हा गोठली आहे, हे मात्र ओळखता येतं: काडी तिरकी झालेली असते, झाकणाभोवती चिकट ओघळ असतो, पिस्त्याचे काप सगळे एका टोकाला जमलेले असतात आणि फोडल्यावर लांब लांब बर्फाच्या सुया दिसतात.

वीज जाणाऱ्या गावांसाठी एक सोपी युक्ती आहे. वाटीभर पाणी फ्रीजरमध्ये गोठवून त्यावर एक नाणं ठेवावं. कार्यक्रमाच्या दिवशी नाणं वरच असेल तर फ्रीजर गोठलेलाच राहिला होता. नाणं बर्फात रुतलेलं किंवा तळाला गेलेलं असेल तर तुम्ही घरी नसताना सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. ती कुल्फी, कितीही दूध आणि केशर लागलेलं असलं तरी, पाहुण्यांना द्यायची नाही.

एवढं करूनही कोणाला त्रास झालाच, तर उलट्या-जुलाबांत मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस लगेच सुरू करावं. गरोदर बाईला आठवड्याने किंवा महिन्याने जरी ताप आला, तरी डॉक्टरांना हे खाणं सांगावं, कारण लिस्टेरियाची लक्षणं दिसायला कित्येकदा काही आठवडे जातात.

आणि आमंत्रणं करण्याआधी आपल्या फ्रीजरचा कप्पा उघडून बघा. त्यात एका वेळी वीस साचे मोकळेपणाने मावत नसतील, किंवा किलोभर बर्फाची आणि दोन मोकळ्या संध्याकाळींची सोय होत नसेल, तर घरची कुल्फी घरच्या चार-सहा माणसांसाठी करा आणि समारंभासाठी कारखान्यातून बंद पाकिटात आलेली, कडक गोठलेली कुल्फी आणा.